शेजारच्या काकूंच्या डब्याचे आभार कसे मानावेत

आपल्याकडे खानदेशात शेजारणीला नुसतं "थँक्यू हं काकू" म्हटलं, की "मी काय परकी आहे का?" असं उत्तर येतं आणि विषय तिथेच मिटतो. सांगायचं होतं ते राहूनच जातं. त्यापेक्षा पदार्थाचं नाव घ्यावं. कोणत्या दिवशी काय आलं आणि त्याने घरात काय झालं, हे सांगितलं की काकूंना ते झटकून टाकता येत नाही.

समजा घर भुसावळचं आहे. सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशन जळगावला झालं. आठवडाभर सून रोज जळगावला ये-जा करत होती. घरी दोन शाळकरी मुलं आणि सासरे. डबे यायचे शेजारच्या काकूंकडून.

आधी आठवून लिहून काढा. धावपळीत खाल्लेलं लक्षात राहत नाही, म्हणून मुलांना विचारा. त्यांना नेमकं आठवतं. या घरची यादी अशी निघाली: पहिल्या रात्री तुरीच्या डाळीची खिचडी, वरून कच्चं तेल आणि भाजलेला पापड. मग कळण्याची भाकरी आणि ठेचा. एका दुपारी फुणके आणि कढी. आणि सासूबाई घरी आल्या त्या दिवशी भरीत.

मग प्रत्येक पदार्थामागचं काम आणि त्याचा झालेला उपयोग शोधा. खरी मेहनत इथेच आहे. फुणके म्हटलं की डाळ आदल्या रात्रीच भिजत घालावी लागते, सकाळी ती जाडसर वाटून, कांदा-लसूण-मिरची घालून वाफवावी लागते. म्हणजे काकूंनी रात्री झोपताना उद्याचा तुमचा विचार केला होता. कळणा म्हणजे ज्वारी, उडीद आणि मीठ एकत्र दळलेलं. भाकरीतच चव असते, भाजी नसली तरी तेल-ठेच्यावर भागतं. दवाखान्याच्या बाकावर बसून खायला याहून सोयीचं काही नाही, आणि काकूंनी ते ओळखून दिलं होतं. भरताची वांगी भाजून, सोलून, ठेचायची असतात, ते घाईत उरकत नाही. प्रत्येक पदार्थाला एवढा इतिहास जोडायची गरज नाही. दोन-तीन पुरे.

सांगायला प्रत्यक्ष जा. दुपारची भांडी आटोपल्यावर, काकू ओट्यावर बसतात तेव्हा. असं काहीसं म्हणता येईल:

"काकू, पहिल्या रात्री मी गाडीने उशिरा आले, तेव्हा मुलं खिचडी खाऊन झोपली होती. त्या घरात शिरताना मला फार बरं वाटलं. कळण्याची भाकरी मी दवाखान्यात खाल्ली, शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही अर्धी दिली. आणि तुम्ही फुणके केले त्या दिवशी बाबा आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले. कढी मागून घेतली त्यांनी."

एवढंच. "तुमच्यासारखं कोणी नाही", "तुमचे उपकार कसे फेडू" असलं काही जोडू नका, काकू लगेच संकोचतात आणि बोलणं मोडतं. जे आवडलं नाही त्याला मुद्दाम चांगलं म्हणू नका. ठेचा मुलांना झोंबला असेल तर तो सोडून द्या, किंवा हसून सांगा. खोटी स्तुती केलीत तर पुढच्या वेळी तोच ठेचा दुप्पट येईल. भाकरी काकूंच्या सुनेने थापल्या असतील आणि डबा काका आणून देत असतील, तर त्यांचीही नावं घ्या. हे हमखास विसरतं आणि ते सुनेला लागतं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र लिहू नका. कोणीतरी दुसरीनेही एकदा वरण-बट्टी पाठवलेली असते, तिचं नाव राहिलं की झालं. काकू दूर गावी गेल्या असतील तर वरचंच बोलणं त्यांना एकटीला आवाजी संदेशात पाठवा.

डबे रिकामे परत करायचे नसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच आठवड्यात साडी, मिठाईचा मोठा खोका किंवा पैसे नेऊ नका, तो हिशेब चुकता केल्यासारखा दिसतो. डब्यात मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, झाडाची लिंबं असलं काही घाला. झाकणं ज्याची त्याला आहेत ना तेही बघा, अदलाबदल झालेली झाकणं काकू वर्षभर शोधतात. सासूबाईंना बोलता येत असेल तर डबा देताना त्यांचाही निरोप सांगा, भरीत त्यांनी किती खाल्लं ते.

खरी परतफेड उन्हाळ्यात करता येते. काकूंचे ज्वारीचे बिबडे घालायचा दिवस विचारून ठेवा. घाटा पहाटे शिजतो आणि गरम असतानाच पसरावा लागतो, तेव्हा एका माणसाने होत नाही. उन्हं वर यायच्या आत त्यांच्या गच्चीवर पोहोचा, पसरायला एक धुतलेलं सुती कापडही सोबत न्या.