सात, सत्त्याहत्तर, सातशे सत्त्याहत्तर: माझा घोळ कुठे झाला

भाच्याची अकरावी चालू आहे, परवा मुलुंडला ताईकडे गेलो तर पठ्ठ्या म्हणतो मामा ७ + ७७ + ७७७ + … अशा n पदांची बेरीज कर. मी लगेच ७७ ला ७ ने भागलं, ११ आलं, म्हटलं जीपी आहे, म्हणजे प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पट, सोप्पंय. पण ७७७ भागिले ७७ करून बघा, दहा पूर्णांक काहीतरी येतं, म्हणजे गुणोत्तर सारखं नाहीच, ही जीपी नाही.

मग शाळेतली युक्ती आठवली. ७ बाहेर काढायचा, आत राहतात १, ११, १११. त्यांना ९ ने गुणायचं आणि बाहेर ९ ने भागायचं, आत होतात ९, ९९, ९९९, म्हणजेच १०−१, १००−१, १०००−१. आता १०, १००, १००० ही खरी जीपी.

तरी चुकलोच. पहिली तीन पदं घेतली, १० + १०० + १००० मधून एकदाच १ वजा केला, ११०९ × ७ भागिले ९, उत्तर अपूर्णांकात! पूर्ण संख्यांची बेरीज अपूर्णांकात कशी येईल, भाचा हसायला लागला. प्रत्येक पदातला १ जातो, म्हणून n वजा करायचा: १११० − ३ = ११०७, × ७/९ = ८६१, बरोब्बर.

```
S = (7/9) [ 10(10^n − 1)/9 − n ]
```

०.७ + ०.७७ + ०.७७७ ला मात्र उलटं, तिथे ०.९ म्हणजे १ − ०.१, त्यामुळे n आधी आणि जीपी वजा: ३ − ०.१११ = २.८८९, × ७/९ = २.२४७.