हवामानाचा अंदाज मराठीत कसा सांगायचा: ‘तुरळक’, ‘आर्द्रता’ आणि ‘हीट इंडेक्स’ची नीट फोड

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवामान खात्याचा अंदाज मराठीत करून टाकायचं काम गेली काही वर्षं मी करतो. सुरुवातीला वाटलं होतं की यात काय, इंग्रजी शब्दाला मराठी शब्द ठेवला की झालं. एका ऑक्टोबरमध्ये मी लिहिलं, ‘उद्या मराठवाड्यात तुरळक पाऊस’. आमच्या आबांनी (माझे चुलते) ते वाचलं, कापलेलं सोयाबीन तसंच रानात पसरून ठेवलं, आणि रात्री दोन तास असा पाऊस झाला की सकाळी शेंगा पाण्यात तरंगत होत्या. आबा ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, “अरे तू तर तुरळक म्हणला होतास ना?”

चूक माझीच होती. अंदाजात होतं ‘आयसोलेटेड’, म्हणजे तुरळक ठिकाणी. मी ‘ठिकाणी’ खाल्लं आणि अर्थ पार बदलला, कारण ‘तुरळक पाऊस’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चार थेंब येतात. तेव्हापासून ठरवलं की शब्द बदलायच्या आधी तो शब्द कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते बघायचं. कुठे, किती की शक्यता किती, पावसाच्या अंदाजात हे तीनच प्रश्न असतात.

पहिली पायरी: ‘कुठे’ सांगणारे शब्द वेगळे काढा

हवामान खात्याकडे यासाठी चार ठरलेले शब्द आहेत आणि त्यांना आकडे जोडलेले आहेत. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर आयसोलेटेड, म्हणजे तुरळक ठिकाणी. २६ ते ५० टक्के असेल तर स्कॅटर्ड, म्हणजे काही ठिकाणी. ५१ ते ७५ टक्क्यांना फेअरली वाईडस्प्रेड, त्याला बऱ्याच ठिकाणी म्हणायचं, आणि त्यापुढे वाईडस्प्रेड, बहुतांश ठिकाणी. हे चारही मराठी शब्द मराठी अंदाजपत्रकात वापरात आहेत, त्यामुळे नवीन शब्द शोधायला जाऊ नका, फक्त ‘ठिकाणी’ कधीही गाळू नका.

विभाग म्हणजे गाव नाही किंवा तालुका पण नाही. आपल्याकडे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार विभाग धरतात. एकट्या मराठवाड्यात आठ जिल्हे आले, त्यामुळे ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी’ म्हणजे या आठ जिल्ह्यांत इकडेतिकडे, चारातल्या एका केंद्रावर किंवा त्याहून कमी. ते एक केंद्र तुमच्या शेजारचं असू शकतं. मी आता ग्रुपवर सरळ लिहितो: ‘सगळीकडे पडणार नाही, पण जिथे पडेल तिथे जोराचा पडू शकतो, आपलं गाव त्यात असेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही.’ शब्द जास्त लागतात पण सोयाबीन वाचतं.

जागा आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पटत नसेल तर २६ जुलै २००५ आठवा. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही, एकच शहर आणि एकच दिवस.

दुसरी पायरी: ‘किती’ सांगणारे शब्द

हलका, मध्यम, मुसळधार यांनाही आकडे आहेत, आणि ते २४ तासांचे आहेत, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. साधारण अडीच ते साडेपंधरा मिमी म्हणजे हलका, तिथून ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून हेवी म्हणजे मुसळधार, ११५.६ पासून व्हेरी हेवी म्हणजे अति मुसळधार, आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. हे आकडे ग्रुपवर टाकू नका, कोणी वाचत नाही. त्यापेक्षा असं सांगा: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर चार हजार लिटर पाणी. मुसळधार सुरू होतो त्या ६५ मिमीला एकरी दोन लाख साठ हजार लिटर होतात. हे सांगितल्यावर ‘मध्यम’ शब्दाकडेही लोक गंभीरपणे बघायला लागले, कारण मध्यमची वरची हद्द तिथेच आहे, आणि साठ मिमी दीड तासात आला तर बांध फुटतो, कागदावर मात्र तो मध्यमच असतो.

इथे आपल्या बोलीतले शब्द उपयोगी पडतात पण जपून. ‘शॉवर’साठी सर हा शब्द अगदी चपखल आहे, येते, थांबते, परत येते. दिवसभर न थांबता लागून राहिला तर ती संततधार, आमच्याकडे झड म्हणतात. एप्रिल-मेमधला दुपारनंतरचा गडगडाटी पाऊस तो वळीव. पण ‘ढगफुटी’ उगाच लिहू नका, त्याचा निकष तासाला १०० मिमी इतका कडक आहे, आणि रोज ढगफुटी लिहिली तर खरी येईल तेव्हा कोण ऐकणार.

‘उद्या’ या शब्दाचंही तेच. अंदाजातला दिवस सकाळी साडेआठला संपतो, तेव्हा ‘उद्या’ असं मोघम न लिहिता ‘बुधवार सकाळपासून गुरुवार सकाळपर्यंत’ असं लिहावं, नाहीतर पहाटेच्या पावसावरून वाद होतो.

तिसरी पायरी: शक्यता

लाइकली म्हणजे शक्यता, व्हेरी लाइकली म्हणजे दाट शक्यता. घोळ तेव्हा होतो जेव्हा एकाच वाक्यात ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘दाट शक्यता’ दोन्ही येतात. लोक विचारतात, तुरळक आहे तर दाट कसं? उत्तर सोपं आहे, विभागात कुठेतरी पडणार याची खात्री जास्त आहे, तुमच्याच शेतात पडणार याची नाही. इशाऱ्यांच्या रंगांचं मात्र फार समजावायला लागत नाही: यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा.

आता आर्द्रता, इथे आकडा फसवतो

मोबाईलवर सकाळी ‘ह्युमिडिटी ९०’ दिसलं की लोक म्हणतात आज पाऊस नक्की. तसं नाही. हा आकडा सापेक्ष आर्द्रतेचा आहे, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ जास्तीत जास्त धरू शकते त्यातली किती टक्के आत्ता हवेत आहे. हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद वाढते. समजा सकाळी २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के आहे. दुपारी तापमान ३३ झालं, हवेतली वाफ मात्र तेवढीच राहिली, तर आर्द्रता आपोआप ५३ टक्क्यांच्या आसपास येते. वाफ कुठे गेली नाही, आणि उकडतं मात्र दुपारी जास्त. म्हणून मी वेळेशिवाय आर्द्रता कधी सांगत नाही. शक्यतो दुपारची सांगतो, किंवा आकडा सोडून देतो आणि लिहितो ‘दमट हवा, घाम वाळणार नाही’. ‘आर्द्रता’ हा शब्द वयस्कर मंडळींना कळत नाही असं नाही, पण ‘दमट’ म्हटलं की विचारायला फोन येत नाही.

हीट इंडेक्स आणि एक मोठा सापळा

हीट इंडेक्सला ‘उष्मांक’ लिहिलेलं मी अनेकदा बघितलंय. कृपा करून हे करू नका! मराठीत उष्मांक म्हणजे कॅलरी, डाएटवाल्यांचा शब्द आहे तो. औपचारिक शब्द उष्णता निर्देशांक, पण तोही ऐकणाऱ्याला काही सांगत नाही. ‘जाणवणारं तापमान’ म्हणा, त्यात सगळं आलं.

तापमान आणि आर्द्रता मिळून अंगाला किती गरम वाटेल याचा हा हिशोब. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. अमेरिकी हवामान सेवेचं प्रसिद्ध सूत्र वापरून काढलं तर मुंबईसारख्या ठिकाणी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर जाणवणारं तापमान ४३ च्या वर जातं. तेच अकोल्याकडच्या कोरड्या हवेत ४० अंश आणि १५ टक्के असेल तर हिशोब ३८ येतो. म्हणून मुंबईचा पाहुणा ‘आमच्याकडे फक्त ३३’ म्हणाला तरी त्याचा उकाडा खोटा नसतो.

पण हा आकडा सांगताना एक गोष्ट कायम जोडायची: तो सावलीतला आहे, मंद वारा धरून काढलेला. थेट उन्हात त्यावर आठेक अंश वाढू शकतात. कोरड्या भागातल्या माणसाला ‘३८ जाणवेल’ एवढंच सांगून शेतात पाठवलं तर ते चूकच आहे, कारण ऊन आणि गरम झळा त्या सूत्रात नाहीतच, आणि कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो त्यामुळे किती पाणी गेलं तेही कळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला मोकळ्या मैदानात भर उन्हात बसलेल्या लोकांचे उष्माघाताने जीव गेले, ते आठवलं की मी ‘सावलीत’ हा शब्द विसरत नाही.

आणि ‘उष्णतेची लाट’ हा शब्दही खूप उकडतंय म्हणून वापरायचा नाही. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० आणि किनाऱ्यावर ३७ असावं लागतं, शिवाय ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वर असावं लागतं (४५ झालं तर सरासरी न बघता लाटच). मुंबईत ३४ अंशाला जीव नकोसा होतो तेव्हा ती लाट नसते, त्याला ‘उष्ण आणि दमट हवामान’ म्हणतात.

आता एक अंदाज पूर्ण करून बघू

नमुन्यादाखल इंग्रजी मजकूर असा येतो: ‘लाइट टू मॉडरेट रेन विथ थंडरस्टॉर्म, लायटनिंग अँड गस्टी विंड्स, ३० ते ४० किमी, व्हेरी लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस ओव्हर मराठवाडा’. कुठे: तुरळक ठिकाणी. किती: हलका ते मध्यम. शक्यता: दाट. सोबत काय: विजा आणि सोसाट्याचा वारा. मी पूर्वी लिहायचो, ‘मराठवाड्यात वादळी वाऱ्यासह तुरळक पाऊस’. आता माझा मेसेज असा जातो:

‘बुधवार सकाळपासून गुरुवार सकाळपर्यंत मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजांसह सरी पडायची दाट शक्यता. सगळीकडे नाही, पण आपल्याकडे येणारच नाही असंही नाही. जिथे येईल तिथे हलका ते मध्यम, वारा ताशी ३० ते ४० किमी, म्हणजे ताडपत्रीवर दगड ठेवा. कापलेला माल गोळा करून झाका. कडकडाट ऐकू आला की झाडाखाली थांबू नका, घरात या.’

मागच्या हंगामात असाच मेसेज टाकला, आमच्याकडे थेंब पडला नाही आणि शेजारच्या गावात ओढा भरून वाहिला. ग्रुपवर कुणीही अंदाज चुकला असं म्हटलं नाही, आणि आबांनी ताडपत्री काढून घडी घालून परत खळ्याच्या कडेला ठेवली.