डेडलिफ्टमध्ये आधी मूठ सुटते: पकड कशी वाढवावी

गंगापूर रोडच्या आमच्या जिममध्ये माझा भाचा 100 किलोच्या डेडलिफ्टवर अडकला होता. बार गुडघ्यांच्या वर यायचा आणि बोटं उघडू लागायची. पाठ कमी पडतेय, असं त्याला वाटे. एकदा मनगट बारला बांधून ठेवणारा स्ट्रॅप लावून तेच वजन उचलायला लावलं, तर त्याने सलग पाच वेळा उचललं. म्हणजे पाठ तयार होती, कमी पडत होती ती मूठ. तुम्हीही आधी हीच चाचणी करा. स्ट्रॅप लावूनही वजन उठत नसेल, तर अडचण पकडीची नाही.

बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. मांड्या, कंबर, पाठ यांच्यापुढे ते लहानच. त्यात बार गोल, त्यामुळे तो बोटांच्या टोकांकडे घरंगळत राहतो. पुल-अपमध्ये बार फिरत नाही, पण अख्खं शरीर त्याच बोटांवर लटकतं.

आता पहिली दुरुस्ती. बार तळहाताच्या मधोमध धरू नका. वजन आलं की कातडीची घडी पडते, बार खाली सरकतो आणि घट्टे फाटतात. बोटं जिथे तळहाताला जुळतात, तिथेच बार ठेवा आणि अंगठा बोटांवर घट्ट दाबा. एवढ्यानेच काहींना लगेच फरक जाणवतो.

मग धरून ठेवण्याचा सराव. डेडलिफ्टचे सेट संपले की हलकं वजन उचलून, दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवून, सरळ उभं राहायचं. भाच्याने 70 किलो 15 सेकंदांपासून सुरुवात केली, तीन वेळा, आठवड्यातून दोन दिवस. तिन्ही वेळा 30 सेकंद जमले की 5 किलो वाढवायचे. सातव्या आठवड्यात त्याने स्ट्रॅपशिवाय 100 किलो पाच वेळा उचललं. स्प्रिंगचा हँड ग्रिपर मी त्याला दिला नाही. त्याने मूठ आवळायची ताकद येते, आपल्याला हवी ती धरून ठेवायची.

पुल-अपसाठी बारला नुसतं लटका, 20 सेकंद, तीन वेळा. 45 सेकंद सहज जमले की बारवर पंचा टाकून त्याची दोन्ही टोकं धरून लटका. दोरीच्या मल्लखांबावरच्या पोरांची पकड अशाच लटकण्यातून घडते. पावसाळ्यात तळहात ओलसर राहतात, तेव्हा आधी पुसून जिमचा चॉक लावा, नाहीतर घामामुळे हात सुटतो आणि ताकद कमी आहे असा गैरसमज होतो.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं, तर लटकणं निम्म्यावर आणा. दुखणं थांबलं नाही तर पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवा. स्नायूंपेक्षा त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा हळू तयार होतात. तोवर सगळ्यात जड सेटला स्ट्रॅप खुशाल बांधा, वॉर्म-अपचे सेट मात्र मोकळ्या हातांनीच करा.