नवी रिंग घातली, तरी वाफ जातच होती

आमचा पाच लिटरचा, आत झाकण बसणारा कुकर. शिट्टी होईना, कडेने वाफ फुसफुसायची. रिंग काढून बोटांनी दुमडली, तर वळणावर केसासारख्या भेगा दिसल्या. रबर पार कडक झालं होतं.

दादरला जाऊन ‘पाच लिटरची रिंग द्या’ म्हटलं, तिथेच चुकलो. मिळाली ती बाहेरून झाकण लागणाऱ्या कुकरची, आमच्या झाकणावर बसेचना. दुसऱ्या दिवशी झाकणच पिशवीत घालून नेलं. दुकानदार काका म्हणाले, “कंपनी आणि मॉडेल सांगा, नुसत्या लिटरवर जाऊ नका.”

नवी रिंग चपखल बसली, पण आता वाफ सेफ्टी वॉल्व्हमधून येऊ लागली. तेव्हा आठवलं, मागच्या महिन्यात पाणी आटून कुकर कोरडा तापला होता. वॉल्व्हमधला मऊ धातू अर्धवट वितळला होता. तो जास्त तापला की वितळून वाफेला वाट देतो, म्हणून तिथे एम-सील लावून बुजवणं फार धोक्याचं. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा वॉल्व्ह आणून बसवला. शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार मोकळी आहे ना, तेही पाहिलं. मग नुसतं दोन पेले पाणी घालून लावला. कड कोरडी राहिली आणि शिट्टी झाली.