बिलावरची सूट आणि वसुलीतली सूट

लोहार चाळीतल्या एका घाऊक दुकानाच्या वह्या मी लिहितो. नवीन आलेला मुलगा दोन्ही सुटी एकाच ‘सूट’ खात्यात टाकायचा आणि वर्षाची विक्री उगाच फुगलेली दिसायची.

समजा, छापील दराने 50,000 रुपयांचे पंखे 10 टक्के व्यापारी सुटीवर गेले. ही सूट बिलातच वजा होते. विक्री खात्यात थेट 45,000 जमा करायचे, 5,000 ची नोंद वहीत कुठेच येत नाही. 18 टक्के जीएसटीही 45,000 वरच, म्हणजे 8,100. गिऱ्हाइकाच्या नावे 53,100.

बिलाखाली लिहिलंय, ‘10 दिवसांत पैसे दिल्यास मालाच्या किमतीवर 2 टक्के रोख सूट’. ती मिळेल की नाही, हे विकताना कुणाला माहीत? म्हणून त्या दिवशी तिची नोंद नाही. गिऱ्हाइकाने आठव्या दिवशी 52,200 भरले, की बँक खाते नावे 52,200, दिलेली रोख सूट खाते नावे 900, आणि गिऱ्हाइकाचे खाते जमा 53,100. हे 900 नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला जातात. इथे आम्ही जीएसटीला हात लावत नाही, तो 8,100 च राहतो.

ही 900 ची ओळ राहिली, तर पूर्ण पैसे देऊनही गिऱ्हाइकाकडे 900 येणे दिसतं. मार्चमध्ये खातेउतारा जुळवताना अशा चिल्लर बाक्या निघाल्या, की आधी रोख सूटच तपासा.