कोटेशन गेलं, पार्टी गप्प झाली: फोन उचलण्याआधीची तयारी

फोन करायच्या आधी आपलंच कोटेशन समोर घ्यावं आणि त्याची मुदत बघावी. आमच्या सोलापुरात टॉवेलचा भाव सुताच्या भावावर नाचतो, म्हणून मी पंधरा दिवसांपेक्षा जास्त मुदत देत नाही. मुदत संपली असेल तर त्या दिवशीचा सुताचा भाव विचारून नवा हिशोब हाताशी ठेवावा. पार्टी ‘चालेल, पाठवा’ म्हणाली आणि आपण ‘थांबा, भाव बघून सांगतो’ म्हणालो, की गाडी पुन्हा अडते.

मग गप्प का झाले असतील, याचा अंदाज बांधावा. मागे पुण्याच्या एका हॉटेलला ६०० टर्की टॉवेलचं कोटेशन दिलं होतं: ३० बाय ६० इंच, ५०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचे, ४८० रुपये किलो, जीएसटी वेगळा. बारा दिवस उत्तर नाही. परचेसच्या साहेबांना दोनदा ‘काही ठरलं का?’ विचारून झालं होतं. हा प्रश्न पाठवूच नये. ‘अजून नाही’ म्हणायला तो फार सोपा आहे. हाऊसकीपिंगच्या बाईंना फोन केला तेव्हा कळलं की माल पसंत होता, पण मालकांनी ठरवलेल्या रकमेच्या वर जात होता. साहेबांना ते सांगायला अवघड वाटत होतं.

अशा वेळी हात सवलतीकडे जातो, तो आवरावा. न मागता भाव सोडला, तर पहिला भाव फुगवलेला होता असंच समोरच्याला वाटतं. भाव तोच ठेवून माल बदलावा. ५०० जीएसएमचा तो टॉवेल साधारण ५७८ ग्रॅम भरतो, म्हणजे २७७ रुपये. ४५० जीएसएमचा ५२० ग्रॅम, म्हणजे २५० रुपये. सहाशे नगांत सोळा हजारांच्या वर फरक पडतो आणि किलोचा भाव जागेवर राहतो. टॉवेल थोडा पातळ लागेल, हे मात्र आपणच आधी सांगावं.

नमुना पाठवायचा तर पाच वेळा धुतलेला पाठवावा, सोबत एक कोरा. आटतो किती, लूप निघतात का, हे हाऊसकीपिंगला हातात कळतं. आमच्या पोराला धुतलेला नमुना द्यायची लाज वाटते, पण मला कोऱ्यापेक्षा त्याचाच जास्त उपयोग झालाय.

हॉटेलला सकाळी फोन नको, चेकआउटची घाई असते. दुपारी तीननंतर करावा. त्याआधी असा मेसेज टाकावा: ‘साहेब, तोच साईज ४५० जीएसएममध्ये २५० रुपयांना बसतो, जीएसटी वेगळा. धुतलेला नमुना उद्या पाठवू का?’ उत्तर हो किंवा नाही, एका शब्दात देता आलं पाहिजे.

आठवडाभर थांबूनही काही आलं नाही, तर शेवटचा मेसेज: ‘तुमच्यासाठी धरलेलं सूत सोमवारी दुसऱ्या ऑर्डरला लावतो.’ सूत खरोखर धरलेलं असेल तरच हे लिहावं. नसेल तर ‘हे कोटेशन बंद करतो, लागेल तेव्हा नवीन देईन’ एवढंच. पुण्याच्या साहेबांचा फोन धुतलेला नमुना पोचल्यावर आला. चारशे नग ४५० चे घेतले आणि दोनशे ५०० चेच, महागड्या खोल्यांसाठी.