एका वाटणात दोन रस्से : माळकरी घरातला रविवारचा स्वयंपाक

नाशिकमध्ये रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या कितीतरी जणांच्या घरी कोणीतरी माळकरी असतं. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, मुलाला आणि नातवाला काळा रस्सा हवा, आणि ओटा एकच. अशा घरात मटण शिजवण्यावरून सहसा वाद होत नाही. वाद होतो तो कोणता डाव कुठल्या पातेल्यात बुडला यावरून आणि कुकरच्या रिंगला येणाऱ्या वासावरून. मनाला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच असतं. बाकीच्यांना गरम रस्सा-भाकरी मिळते, आणि न खाणाऱ्याच्या ताटात सकाळची उरलेली मेथी येते. म्हणून इथे एक अशी पद्धत सांगते आहे, जिच्यात दोघांना त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच चवीचं ताजं जेवण मिळतं.

आधी विचारून घ्या

प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते, ती गृहीत धरू नका. घासलेलं स्टीलचं ताट चालेल का? फ्रिजमध्ये कच्चं मटण ठेवलेलं चालेल का? शेजारी बसून कोणी खाल्लं तर चालेल का? वार कोणते पाळायचे? आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही खा गं, मला त्याचं काही नाही. पण माझ्या चहाच्या पातेल्यात अंडं उकडू नका." इतकं स्पष्ट कळलं की पुढचं सोपं होतं. वारांचं एकदाच ठरवून कॅलेंडरवर खूण करून ठेवा : एकादशी, संकष्टी, सोमवार किंवा गुरुवार, पूर्ण श्रावण, नवरात्र. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला निघालेले वारकरी पाहुणे घरी उतरणार असतील, तर तेही दिवस त्यात धरा.

काय वेगळं ठेवायचं

सगळी भांडी दुहेरी घ्यायची गरज नसते. स्टील आणि काच चरबी शोषून घेत नाहीत, नीट घासली की स्वच्छ होतात. लाकूड, लोखंड, रबर आणि प्लास्टिक यांचं तसं नाही. लाकडी पळी ओलावा आणि वास धरते, लोखंडी तव्यावर तेलाचा थर मुरलेला असतो, कुकरची रिंग चरबीचा वास सोडत नाही. त्यामुळे या चार जातींच्या वस्तू वेगळ्या असाव्यात. म्हणजे प्रत्यक्षात एक लहान कुकर, एक पातेलं, एक डाव, सुरी आणि तिची फळी, मटण आणायचा झाकणाचा डबा, आणि घासणी. घासणी बहुतेक घरांत विसरली जाते आणि मग बाकीच्या काळजीला अर्थ उरत नाही. पाटा-वरवंटा आणि मिक्सरचं भांडं फक्त मसाल्यासाठी ठेवा. खिमा त्यात कधीच फिरवू नका, कारण पात्याखालच्या रबरात अडकलेलं घासणी पोचून निघत नाही.

भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात, तिथेच या भांड्यांच्या कडेला एक ठळक ठिपका कोरून घ्या. रंगाची खूण घासून जाते, कोरलेली राहते. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही ती लगेच ओळखू येते.

रविवारचा क्रम

समजा घरात पाच माणसं आहेत, दोघं शाकाहारी, तिघं मटण खाणारे. मटण अर्धा किलो. आणल्याबरोबर ते डब्यात घालून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे काही गळलं तरी दुधावर किंवा भाजीवर पडणार नाही. आता ओट्यावर फक्त वाटण.

चार मोठे कांदे आणि एक वाटी सुकं खोबरं चांगलं काळपट भाजा. पंधरा-वीस पाकळ्या लसूण, बोटभर आलं आणि मूठभर कोथिंबीर घालून बारीक वाटा. शाकाहारी कढईत तेल जरा सढळ घाला, वाटण परता, तीन चमचे काळा मसाला आणि झेपेल तेवढं तिखट घाला. कडेने तेल सुटेपर्यंत घाई करू नका, दोन्ही रश्श्यांची चव इथेच ठरते. मग पाचातले तीन भाग ठिपक्याच्या पातेल्यात काढा, दोन भाग कढईतच राहू द्या. काढताना कढईचा डाव पातेल्याला टेकवू नका, वरून सोडा. यानंतर कढईतून पातेल्याकडे काहीही जाऊ शकतं, पण पातेल्याकडून कढईकडे काहीही परत येत नाही. चव बघायचा चमचासुद्धा नाही.

आता मटण बाहेर काढा. ते नळाच्या जोरदार धारेखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा. हळद, मीठ आणि थोडं आलं-लसूण लावून ठिपक्याच्या कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या करा. हे अळणी पाण्यासकट पातेल्यातल्या वाटणात घालून दहा मिनिटं उकळा. कढईत गरम पाणी आणि मीठ घालून शेवभाजीचा रस्सा उकळू द्या. जाड तिखट शेव मात्र वाढताना घाला, आधी घातली की तिचा लगदा होतो. कुकर होईपर्यंत बाजरीच्या भाकरी होतात. त्या शक्यतो मटणाला हात न लावलेल्या माणसाने कराव्यात, नाहीतर हात साबणाने धुऊन मगच पिठाला लावावेत.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांसाठी हे वाटण चालत नाही. त्यांच्यासाठी खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण नसलेल्या मसाल्याचं वाटण आधी करून बाजूला ठेवा.

जेवण आणि घासणं

दोन्ही पातेली टेबलाच्या दोन टोकांना ठेवा, प्रत्येकात त्याचाच डाव. भाकरीची टोपली शाकाहारी बाजूला असावी, रश्श्याचा हात तिच्यात जात नाही. पंक्तीला बसणं ज्यांना नको असेल त्यांना आधी गरम वाढा, आणि कोणीतरी त्यांच्याजवळ बसा.

घासताना आधी शाकाहारी भांडी. मटणाच्या भांड्यातली चरबी कागदाने पुसून घ्या, मग गरम पाणी आणि साबण. अंड्याच्या भांड्याला मात्र आधी गार पाणीच हवं, गरम पाण्याने अंडं आणखी घट्ट चिकटतं. माशाच्या भांड्यांना लिंबाची साल किंवा चिंचेचा कोळ चोळा. माशाचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते आंबटाने निष्प्रभ होतं, साबणाने तितकं जात नाही. शाकाहारी कुकरची रिंग चुकून बदलली गेली अशी शंका आली, तर नुसतं पाणी घालून एक शिट्टी करा आणि झाकण उघडल्यावर वाफेचा वास घ्या. चरबीचा वास आला तर ती रिंग ठिपक्याच्या कुकरला द्या आणि नवी आणा. नवी रिंग फार महाग नसते.

घरात शिजण्याचा वासच कोणाला सहन होत नसेल, तर वेगळ्या भांड्यांनी तो प्रश्न सुटणार नाही. मग कुकर बाल्कनीत किंवा गच्चीवर छोट्या शेगडीवर लावा, किंवा त्या दिवशी खाणाऱ्यांनी बाहेर खावं.

आणि मटण रविवारी रात्रीपर्यंत संपेल एवढंच आणा. त्र्यंबकराजाच्या परिसरात सोमवार पाळणारी घरं बरीच आहेत, आणि उरलेल्या रश्श्याचं पातेलं सोमवारी सकाळी फ्रिज उघडल्यावर पहिल्यांदा त्यांच्याच नजरेला पडतं.